समासात काय लिहायचं?



पुढच्या शनिवारी दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे आपल्या हातात येतील. विज्ञान भाग १ आणि बीजगणित, प्रत्येकी ४० गुणांचे. एकेकाच्या वाट्याला पंधरा-सोळा पेपर आणि तपासायला चार संध्याकाळी. गुण कसे द्यायचे याचा तक्ता तुम्हाला मिळालाच आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते पेपरच्या समासात, म्हणजे आपण ज्याला मार्जिन म्हणतो तिथं, लाल पेनानं जे चार शब्द लिहितो त्यांच्याबद्दल.

या सभागृहात माझ्यापेक्षा जास्त पेपर तपासलेले शिक्षक बसले आहेत. मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण त्या धंद्यातही दिवसाचा बराच वेळ दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडवर शेरे लिहिण्यात जातो. ‘हे बरोबर वाटत नाही’ असा शेरा आला की लिहिणारा डोकं खाजवत बसतो. ‘ही यादी रिकामी आली तर या ओळीचं काय होईल?’ असा आला की तो पाच मिनिटांत स्वतःच दुरुस्त करतो. आणि एखादा वरिष्ठ ‘थांब, मीच करून देतो’ म्हणाला, तर काम होतं, पण पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा येते. पेपरच्या समासात हे तिन्ही प्रकार मला दिसतात, म्हणून आज इथं उभा आहे.

आपल्या शब्दांचं पुढं काय होतं ते आधी पाहू. रविवारी सकाळी मुलांना पेपर परत मिळतो आणि पाऊण तास मिळतो. त्या वेळात फळ्यावर कुणी शिकवत नाही. मुलानं आपला पेपर समोर ठेवायचा, पेन्सिल घ्यायची, आणि जिथं शेरा असेल तिथलं उत्तर शेजारी दुरुस्त करून लिहायचं. म्हणजे आपला शेरा हे त्या पाऊण तासाचं काम आहे. ज्या शेऱ्यातून मुलाला हातानं करण्यासारखं काही मिळत नाही, तो त्याच्या दृष्टीनं कोरा समासच. यातल्या बहुतेक मुलांना बाहेरचा क्लास नाही, घरी दहावीचं विज्ञान विचारायला कुणी नाही. बोर्डाच्या निकालानंतर अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते खरी, पण तेव्हा ती बघून करणार काय? तपासलेला पेपर हातात आहे आणि परीक्षा अजून व्हायची आहे, अशी वेळ या मुलांना वर्षात एकदा-दोनदाच मिळते. आणि आपल्या वस्तीत एखादी मुलगी एका विषयात राहिली, की पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरण्याऐवजी घरात दुसऱ्याच गोष्टींची बोलणी सुरू होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एक उत्तर घेऊन बसू. उष्णतेच्या प्रकरणावरचा, शास्त्रीय कारणे लिहा मधला प्रश्न: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. गुण दोन. एका मुलीनं लिहिलंय:

‘थंड प्रदेशात हिवाळ्यात तापमान खूप कमी होते. त्यामुळे नळातील पाण्याचा बर्फ होतो. बर्फ खूप कडक असतो. पाण्याच्या असंगत आचरणामुळे नळ फुटतात.’

तक्त्याप्रमाणे हिला एक गुण. पाणी गोठतं हे तिला माहीत आहे, ‘असंगत आचरण’ हा शब्द तिनं आठवून लिहिला आहे. मग राहिलं काय? मधला दुवा. गोठताना पाण्याचं आकारमान वाढतं, नळाला वाढायला जागा नसते, म्हणून आतून दाब येतो. तिच्या तिसऱ्या वाक्यावरून तिच्या मनात काय चाललंय तेही दिसतं. नळ फुटायला काहीतरी जोर लागतो एवढं तिला जाणवलंय, पण तो जोर तिनं बर्फाच्या कडकपणातून आणलाय. कडक तर लोखंडी सळईही असते. ती नळात घातली म्हणून नळ फुटत नाही.

यावर साधारण कोणते शेरे पडतात? पहिला, ‘अपूर्ण’. ते तिला गुणांवरूनच कळलं. दुसरा, ‘सविस्तर लिहा’. हा सगळ्यात महागात पडणारा शेरा, कारण मूल तो प्रामाणिकपणे पाळतं. रविवारी ती चारऐवजी सात वाक्यं लिहील, आणि वाढलेली तिन्ही वाक्यं थंडीबद्दलच असतील. पुस्तकातली भाषा आठवून आठवून लिहील, मुद्दा तिथंच राहील. तिसरा प्रकार आपल्यातले कष्टाळू साथी करतात. ते पूर्ण उत्तरावर तिरकी रेघ मारून समासात, मग खाली, मग पाठीमागं, आदर्श उत्तर लिहून देतात. पेपरमागे अर्धा तास घालवतात. मुलगी ते रविवारी स्वच्छ अक्षरात उतरवून घेते आणि आनंदानं घरी जाते.

त्या उतरवण्यातून काय मिळालं हे पाहायचं असेल तर तिला दुसरा प्रश्न द्या: काचेची बाटली पाण्यानं काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर काय होईल, आणि का? गोष्ट तीच, फक्त नळाच्या जागी बाटली. जिनं मधला दुवा स्वतः जोडला ती हे उत्तर देते. जिनं उतरवून घेतलं ती विचारते, ‘सर, हा प्रश्न धड्यात आहे का?’

मी या उत्तरावर असा शेरा लिहीन. ‘कडक असतो’ या शब्दांखाली रेघ, आणि समासात: ‘कडकपणामुळे नव्हे. पाण्याचा बर्फ होताना आकारमानाचे काय होते? ते इथे एका वाक्यात लिही, आणि त्याचा नळावर काय परिणाम होतो ते दुसऱ्या वाक्यात. बाकीची तीन वाक्ये ठीक.’

हा शेरा नीट पाहा. जागा कुठली ते तिला कळलं. तिथं जे आहे ते का चालत नाही ते कळलं. किती लिहायचं तेही कळलं, दोन वाक्यं. बाकीच्या उत्तराला हात लावायचा नाही हे कळलं. हे सांगणं फार गरजेचं असतं, कारण घाबरलेलं मूल बरोबर असलेलं वाक्यही खोडून टाकतं. आणि उत्तर? ‘आकारमान’ हा शब्द मी दिला, पण ते वाढतं का कमी होतं हे मी सांगितलं नाही. ते तिला आठवावं लागेल, नाहीतर पुस्तक उघडून होपच्या उपकरणाच्या आकृतीजवळ शोधावं लागेल. पुस्तक उघडायला त्या पाऊण तासात परवानगी आहे, हे मुलांना स्पष्ट सांगत जा.

इथं आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना एक विनंती. पुस्तकी उत्तरात भर असतो तो चार अंशांपासून शून्यापर्यंत पाणी प्रसरण पावतं यावर. खरं पाहिलं तर त्या टप्प्यातली वाढ अगदी किरकोळ असते, शतांश टक्क्याच्या आसपास. नळ फोडणारी वाढ होते ती प्रत्यक्ष गोठताना, साधारण नऊ टक्के. हे माहीत असलं की समासात लिहायची फार खुमखुमी येते. लिहू नका. मुलीनं चार अंशांचा उल्लेख करून पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलं असेल तर तिला पूर्ण गुण आहेत, तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रविवारी भेटल्यावर जरूर सांगा, ऐकताना मुलांचे डोळे चमकतात. समास मात्र जे दुरुस्त करायचंय त्यासाठीच ठेवा.

गणितात हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो, कारण तिथं ‘नेमकं सांगणं’ आणि ‘उत्तर सांगणं’ यातलं अंतर फारच थोडं असतं. वर्गसमीकरण सूत्राने सोडवा, असा प्रश्न. समीकरण आहे x² − 6x + 8 = 0. मुलानं a = 1, b = −6, c = 8 बरोबर लिहिलं. सूत्र बरोबर लिहिलं. मग:

b² − 4ac = −6² − 4 × 1 × 8 = −36 − 32 = −68

विवेचक ऋण आला, म्हणून त्यानं खाली लिहिलं, ‘मुळे वास्तव संख्या नाहीत.’

घाईत तपासणारा शेवटची ओळ बघतो, फुली मारतो, शून्य देतो. जरा थांबून वरून खाली आलात तर दिसेल की चूक एकाच ठिकाणी आहे. त्यानं ऋण सहाचा वर्ग करताना कंस घातला नाही. त्याच्या पुढचं सगळं त्या चुकीच्या संख्येवर बरोबर केलेलं काम आहे. विवेचक ऋण असेल तर मुळं वास्तव नसतात, हे त्याला येतं! म्हणून गणितात नियम असा की पहिल्या चुकीच्या ओळीवर खूण करायची आणि खालच्या ओळींना फुल्या मारायच्या नाहीत. खालपर्यंत लाल झालेलं पान बघून मुलाला वाटतं की आपल्याला वर्गसमीकरणच येत नाही. खरं म्हणजे त्याचा कंस राहिलाय.

पण शेरा लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची. हे नजरचुकीनं झालं की त्याला खरंच असं वाटतं की ऋण सहाचा वर्ग ऋण छत्तीस? हे त्याच पेपरमध्ये सापडतं, दोन पानं उलटायचा कंटाळा करू नका. दुसऱ्या एखाद्या प्रश्नात त्यानं (−4)² = 16 बरोबर केलं असेल, तर ही नजरचूक. मग फक्त त्या −6² भोवती गोल करा आणि लिहा: ‘इथून पुन्हा. मांडणी बरोबर आहे.’ एवढं पुरतं. तो बघेल, जीभ चावेल आणि करेल. नजरचुकीला लांब शेरा लिहिला तर मूल वाचतच नाही, आणि वाचलं तर त्याला उगाच कमीपणा वाटतो.

सगळीकडे तसंच असेल, म्हणजे प्रत्येक ऋण संख्येचा वर्ग ऋणच आला असेल, तर गोल पुरणार नाही. तिथं लिहा: ‘b ची किंमत कंसात लिही आणि वर्ग म्हणजे कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ते मांड. मग पुढच्या पायऱ्या नव्या विवेचकाने कर. शेवटी मिळालेली मुळे मूळ समीकरणात ठेवून तपास. प्र. २ मध्येही हेच झाले आहे.’ आता त्याला (−6) × (−6) असं लिहावंच लागेल, आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकार त्याला येतो. छत्तीस धन येतात हे तो स्वतः पाहील. ‘समीकरणात ठेवून तपास’ हे वाक्य मी मुद्दाम घालतो. त्यामुळे आपलं उत्तर बरोबर आलं की नाही हे विचारायला त्याला आपल्यापैकी कुणाकडे यावं लागत नाही.

काही साथी इथं लिहितात, ‘x = 2 ठेवून पाहा, डावी बाजू शून्य येते.’ हुशार सूचना आहे, कारण त्यावरून मुळं आहेत हे सिद्धच होतं. पण एक मूळ हातात दिलं. मूल मग दुसरं अंदाजानं काढतं आणि सूत्राच्या वाटेला जात नाही. तेव्हा सूचना लिहून झाली की स्वतःला विचारा: हे वाचून मूल न चुकता उत्तर लिहील, पण चूक न समजता लिहू शकेल का? लिहू शकत असेल तर एक शब्द कमी करा.

नॅन्सी सॉमर्स नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेनं न्यूयॉर्क आणि ओक्लाहोमा विद्यापीठांतल्या पस्तीस शिक्षकांचे विद्यार्थ्यांच्या निबंधांवरचे शेरे तपासले होते. त्यावरचा तिचा लेख १९८२ सालचा आहे. तिला दिसलं ते असं की बहुतेक शेरे कुठल्याही निबंधावर चिकटवता येतील असे होते, रबरी शिक्क्यासारखे. ‘स्पष्ट लिहा’, ‘नेमकं लिहा’ असं सांगणारे शेरे स्वतःच नेमके नव्हते. मला तिच्या या निरीक्षणाचा उपयोग एका साध्या चाचणीसारखा होतो. लिहिलेला शेरा उचलून गठ्ठ्यातल्या दुसऱ्या पेपरवर मनातल्या मनात ठेवायचा. तिथंही तो चपखल बसला, तर इथं तो काही सांगत नाहीये. ‘छान प्रयत्न’ बसतो. ‘अभ्यास वाढवा’ तर कुणावरही बसतो, माझ्यावरसुद्धा. ‘कडकपणामुळे नव्हे’ बसत नाही.

शेरे किती? एका पेपरवर तीन, फार तर चार. मोजून पाहा, पाऊण तासात दहावीतलं मूल तीन उत्तरं विचार करून दुरुस्त करू शकतं, चौथ्याला ते घड्याळाकडे बघायला लागतं. बाकीच्या चुकांजवळ समासात नुसता ठिपका द्या, गुण गेले ते त्याला कळेल. कुठले तीन निवडायचे यात तुमची अक्कल लागते. मी आधी जिथं निम्मे गुण मिळालेत ती उत्तरं धरतो, कारण तिथं दुवा एकच तुटलेला असतो. त्यातही जी चूक पुन्हा पुन्हा आली आहे ती आधी. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांवर शेरा लिहू नका. तिथं दुरुस्त करायला काही नाही, तो धडाच राहिलेला आहे. ते वहीत नोंदवा, वर्गात घेऊ.

आता उर्दू माध्यमाच्या पेपरांबद्दल. यंदा गठ्ठ्यात ते बरेच असतील. पहिली गंमत म्हणजे त्यांचा समास उजवीकडे असतो, आणि गणिताच्या पायऱ्या मात्र डावीकडून उजवीकडे जातात. बाण काढताना तो कुठल्या ओळीकडे जातोय ते नीट बघा. दुसरी गोष्ट शब्दांची. नळाच्या उत्तरावर तुम्ही ‘आकारमान’ लिहिलंत तर उर्दू माध्यमाच्या मुलीला तो शब्द ओळखीचा नसेल. तिच्या पुस्तकात त्याला ‘हजम’ म्हणतात, आणि घनतेला ‘कसाफत’. मराठीवाल्यांना ‘हजम’ म्हटलं की जेवण आठवतं, हसू नका. पारिभाषिक शब्द तिच्या पुस्तकातला वापरा, मग बाकीचं वाक्य तुम्हाला येतं त्या लिपीत लिहिलं तरी ती काम भागवेल. उर्दू लिहिता येणाऱ्या साथींनी दोन्ही पुस्तकांतल्या शब्दांची एक पानभर यादी करून ठेवावी, ती प्रत्येक गठ्ठ्यात घालू.

याच मुली मराठीचा पेपर लिहितात तेव्हा प्रश्न उलटा होतो. ‘माझी पुस्तक हरवली’ हे वाक्य तुम्हाला हमखास दिसेल, कारण उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे आणि तिनं तेच लिंग मराठी शब्दाला दिलंय. चुकीमागं नियम आहे, निष्काळजीपणा नाही. एका परिच्छेदात ही चूक पाच वेळा आली, तर पाचही ठिकाणी ‘माझे’, ‘हरवले’ असं वर लिहून देऊ नका. पहिल्या ठिकाणी रेघ मारा आणि समासात लिहा: ‘मराठीत ती पुस्तक की ते पुस्तक? ठरव, आणि त्याप्रमाणे “माझी” आणि “हरवली” बदल. या परिच्छेदात असे आणखी चार ठिकाणी आहे, शोध.’ आकडा सांगणं महत्त्वाचं आहे. ‘आणखीही आहेत’ म्हटलं की मूल एक शोधून थांबतं. चार म्हटलं की चार होईपर्यंत वाचत राहतं, आणि तेवढ्यात परिच्छेद तीनदा वाचून होतो. विज्ञानाच्या पेपरात मात्र लिंग-वचनाच्या चुकांना हात लावू नका, अर्थ बिघडत असेल तरच लावा. आकारमानाचा विचार करणाऱ्या मुलीला त्याच वेळी ‘ची’ आणि ‘चे’मध्ये गुंतवायचं नाही.

गुणांविषयी एकच गोष्ट, कारण त्यावरून दरवर्षी वाद होतो. रविवारी मुलांना जो पेपर मिळतो त्यावर गुण नसतात, ते वहीत असतात आणि पाऊण तास संपल्यावर सांगितले जातात. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला १९८८ सालचा एक प्रयोग आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा बघतं, शेरा वाचत नाही. एवढं सांगूनही अम्मी दाराशी विचारतातच, ‘कित्ते आए?’ त्यांना विचारायचा हक्क आहे, आणि पाऊण तासानं आपण सांगतो. गुण लपवणं हा आपला उद्देश नाही, क्रम तेवढा बदललेला आहे.

शेऱ्याची मर्यादाही सांगतो. भिंगांच्या प्रश्नात मुलानं किरणाकृतीच उलटी काढली असेल, नाभी कुठं आणि वक्रतामध्य कुठं हेच ठाऊक नसेल, तर समासात कितीही नेमकं लिहा, उपयोग नाही. तिथं ‘रविवारी बोलू’ एवढं लिहून पान दुमडून ठेवा. पण मग रविवारी खरंच बोला. दुमडलेलं पान तसंच राहिलं तर ते मूल पुढच्या वेळी त्या प्रश्नाला हातच लावत नाही. आणखी एक, प्रश्नार्थक शेरा लिहिताना सूर सांभाळा. ‘आकारमानाचे काय होते?’ हा प्रश्न आहे. ‘हे काय?’ हा प्रश्न नाही, ती चापट आहे.

आपला शेरा चालला की नाही हे कसं कळेल? रविवारी संध्याकाळी पेपर पुन्हा गोळा होतात, तेव्हा पेन्सिलीचं काम बघा. मुलानं काहीच बदललं नसेल तर बहुधा तुमचं अक्षर लागलं नाही किंवा काय करायचं ते कळलं नाही. उत्तर नुसतं लांबलं असेल तर शेरा मोघम होता. तुमच्याच शेऱ्यातले शब्द जसेच्या तसे उत्तरात उतरले असतील, तर तुम्ही उत्तर लिहून दिलं होतं. आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी झाली आहे, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, थोडी वाकडीतिकडी, तर पुढचा गठ्ठा निर्धास्त घ्या. नळाच्या प्रश्नावर अशी एक दुरुस्ती मी पाहिली आहे: ‘बर्फाला जास्त जागा लागते, पण नळ तेवढाच असतो, म्हणून तो आतून ढकलतो.’ यात ‘आकारमान’ शब्द नाही, ‘दाब’ शब्द नाही. तरी दुवा जोडला गेलाय, आणि शब्द आता दोन मिनिटांत सांगता येतात.

शनिवारी येताना लाल पेनाबरोबर पेन्सिलही आणा. पहिले पाच पेपर पेन्सिलीनंच तपासा, मग शेजारच्या साथीला द्या. त्यानं प्रश्नपत्रिका न बघता फक्त तुमचा शेरा आणि मुलाचं उत्तर वाचून सांगायचं, मुलानं नेमकं काय करायचंय. त्याला सांगता आलं की वरून लाल पेन फिरवा. उर्दू शब्दांच्या यादीसाठी दोन साथी हवेत, त्यांनी जाताना मला भेटावं.